मुळे न काढता त्यांच्या वर्गांची आणि घनांची बेरीज कशी काढायची

"सर, मूळच सापडंना, मग वर्ग कुणाचा करू?"

कोल्हापुरात राजारामपुरीत अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. वहीत उतरवून घेतलेलं असतं असं काहीतरी:

2x³ − 3x² + 4x − 5 = 0

α, β, γ ही याची मुळे असतील, तर α² + β² + γ² किती आणि α³ + β³ + γ³ किती? मुलं आधी x = 1 घालून बघतात, मग −1, मग 5, मग 5/2. काहीच लागत नाही, आणि लागणारही नाही. सहगुणक पूर्णांक असले की परिमेय मुळाचा अंश 5 चा विभाजक आणि छेद 2 चा विभाजक असावा लागतो. म्हणजे 1, 5, 1/2, 5/2 आणि त्यांची ऋण रूपं असे आठच उमेदवार उरतात. आठही घालून बघितले तरी शून्य येत नाही.

पण प्रश्नात मुळे मागितलेलीच नाहीत. मागितली आहे ती बेरीज, आणि ती अशी आहे की α, β, γ यांची आपापसात अदलाबदल केली तरी बदलत नाही. अशी कुठलीही बेरीज थेट सहगुणकांवरून काढता येते. वर्गांसाठी एक छोटं सूत्र पुरतं. घनांसाठी मात्र बहुतेक जण पाठ केलेलं लांबलचक सूत्र वापरतात आणि चिन्हात अडकतात. त्याऐवजी समीकरणालाच कामाला लावायचं, हे मला सांगायचं आहे.

आधी समीकरण नीट मांडून घ्या

सगळी पदं एका बाजूला, घातांक उतरत्या क्रमाने, उजवीकडे शून्य:

ax³ + bx² + cx + d = 0

एखादं पद नसेल तर त्याच्या जागी 0 लिहा. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण परीक्षेत मार्क जातात ते इथंच. x³ + 5 = 7x असं दिलं की घाईत b = 5 धरणारे असतात. ते नीट मांडलं तर x³ + 0x² − 7x + 5 = 0 होतं, म्हणजे a = 1, b = 0, c = −7, d = 5. चिन्ह सहगुणकाच्या आत धरायचं: c हा 7 नाही, −7 आहे.

आता α, β, γ ही मुळे असतील तर डावी बाजू a(x − α)(x − β)(x − γ) अशीही लिहिता येते. कंस सोडवा आणि पदं जुळवा. तीन गोष्टी हाती येतात:

S₁ = α + β + γ = −b/a
q = αβ + βγ + γα = c/a
r = αβγ = −d/a

चिन्हं उणे, अधिक, उणे अशी आलटून-पालटून येतात. प्रत्येक कंसात मुळासमोर उणे असतं. x² च्या पदात एक मूळ येतं म्हणून एक उणे. x च्या पदात दोन मुळांचा गुणाकार येतो म्हणून दोन उणे मिळून अधिक. शेवटच्या पदात तिन्ही मुळे येतात म्हणून पुन्हा उणे. एवढं कारण ठाऊक असलं की चिन्हं पाठ करावी लागत नाहीत.

आपल्या समीकरणात a = 2, b = −3, c = 4, d = −5. म्हणून S₁ = 3/2, q = 2, r = 5/2. a ने भागायचं विसरू नका. पहिला सहगुणक 1 असलेली गणितं इतकी सोडवलेली असतात, की 2 समोर असूनही S₁ = 3 लिहून मोकळी होणारी मुलं प्रत्येक बॅचमध्ये भेटतात.

वर्गांची बेरीज

तिघांच्या बेरजेचा वर्ग करा:

(α + β + γ)² = α² + β² + γ² + 2(αβ + βγ + γα)

म्हणून S₂ = S₁² − 2q.

यातला 2 कुठून आला हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चप्पल लाईनमध्ये कोल्हापुरी चपलांचे पुठ्ठ्याचे खोके असतात, तसला एक डोळ्यांपुढे आणा. समजा लांबी 30, रुंदी 20 आणि उंची 10 सेंमी. आता वहीवर 60 बाजूचा चौरस काढा, कारण 30 + 20 + 10 = 60. त्याच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंवर 30, 20, 10 अशा खुणा करून रेषा ओढा. नऊ तुकडे पडतील. कर्णावरचे तीन तुकडे चौरस आहेत: 900, 400 आणि 100. उरलेले सहा आयत आहेत आणि ते जोडीनं येतात: 30 × 20 चे दोन, 20 × 10 चे दोन, 30 × 10 चे दोन. हे सहा आयत म्हणजे खोक्याच्या सहा बाजूच झाल्या. त्यांचं क्षेत्रफळ 1200 + 400 + 600 = 2200, आणि तेच 2q. एकूण 3600 मधून 2200 गेले की कर्णावरचे चौरस उरतात, 1400. आणि 900 + 400 + 100 म्हणजे 1400 च.

यात एक मजा आहे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी कुणी सांगितली नाही, फक्त तिन्हींची बेरीज 60 आणि सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ 2200 एवढंच सांगितलं, तरी खोक्यात तिरकी बसणारी जास्तीत जास्त लांबीची काडी √1400, म्हणजे साधारण 37.4 सेंमी, हे ठरतं. घनफळाची गरजच पडत नाही. सूत्रातही तेच दिसतं: S₂ मध्ये r कुठंच नाही. समीकरणातला d बदलला की मुळे बदलतात, पण त्यांच्या वर्गांची बेरीज तीच राहते.

आता आपलं समीकरण:

S₂ = (3/2)² − 2 × 2 = 9/4 − 4 = −7/4

इथं वर्गात थोडी कुजबुज होते. वर्गांची बेरीज ऋण? उत्तर बरोबर आहे. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, तेव्हा बेरीज ऋण आली याचा अर्थ तिन्हीच्या तिन्ही मुळे वास्तव असू शकत नाहीत. सहगुणक वास्तव असल्यामुळे एक मूळ वास्तव आहे आणि उरलेली दोन संमिश्र अनुबद्ध जोडीतली आहेत. S₂ ऋण दिसला म्हणून खोडू नका. चिन्ह तपासा, ठीक असेल तर पुढं चला.

उलट बाजूनं मात्र फसू नका. S₂ धन आला म्हणून सगळी मुळे वास्तव, असं म्हणता येत नाही. x³ − x + 10 = 0 घ्या. S₁ = 0, q = −1, म्हणून S₂ = 2, चांगला धन. तरीही त्याला एकच वास्तव मूळ आहे. 10 च्या जागी 0 असता तर मुळे 1, −1 आणि 0 आली असती, आणि S₂ तेव्हाही 2 च असता. d ची S₂ ला खबरच नसते, मग ती बिचारी संख्या मुळांच्या वास्तवतेची हमी कशी देणार?

घनांची बेरीज: समीकरणाकडूनच काढून घ्या

पुस्तकी वाट अशी आहे:

α³ + β³ + γ³ − 3αβγ = (α + β + γ)(α² + β² + γ² − αβ − βγ − γα)

किंवा S₁, q, r मध्ये लिहिलं तर S₃ = S₁³ − 3S₁q + 3r. सूत्र खरं आहे आणि पडताळ्याला मी ते वापरतो. पण परीक्षेच्या ताणात दुसरं पद उणे की अधिक, r समोर 3 की 1, हा घोळ होतो. शिवाय चौथ्या घाताची बेरीज विचारली की हे सूत्र कामाला येत नाही, तिथं आणखी लांब सूत्र लागतं.

दुसरी वाट बघा. α हे मूळ आहे याचा अर्थ एवढाच, की x च्या जागी α ठेवला तर समीकरण खरं ठरतं. β आणि γ यांचंही तसंच:

2α³ − 3α² + 4α − 5 = 0
2β³ − 3β² + 4β − 5 = 0
2γ³ − 3γ² + 4γ − 5 = 0

या तीन ओळी एकाखाली एक लिहा आणि उभी बेरीज करा. पहिल्या रकान्यात घनांची बेरीज, दुसऱ्यात वर्गांची, तिसऱ्यात नुसती बेरीज:

2S₃ − 3S₂ + 4S₁ − 15 = 0

शेवटच्या पदाकडे लक्ष द्या. −5 तीनदा आला, म्हणून −15. या पद्धतीत चुकण्याची खरी जागा ही एकच आहे. x³ चा S₃ केला, x² चा S₂ केला, x चा S₁ केला आणि 5 तसाच ठेवला, असं हात आपोआप लिहून जातो. म्हणून सुरुवातीला तिन्ही ओळी खरोखर लिहून काढा, म्हणजे तीन पाच समोर दिसतात. सराव झाल्यावर एकच ओळ पुरते:

aS₃ + bS₂ + cS₁ + 3d = 0

आता किमती घालू. S₂ = −7/4, S₁ = 3/2:

2S₃ + 21/4 + 6 − 15 = 0
2S₃ = 15/4
S₃ = 15/8

पाठ केलेल्या सूत्रानं पडताळू. S₁³ = 27/8, 3S₁q = 3 × 3/2 × 2 = 9, 3r = 15/2. म्हणून 27/8 − 9 + 15/2 = 27/8 − 3/2 = 15/8. जुळलं.

ही वाट मला आवडते कारण तिच्यात काहीच गृहीत धरावं लागत नाही. मुळे संमिश्र असोत, अपरिमेय असोत किंवा दोन सारखी असोत, ओळी खऱ्याच राहतात. सारख्या मुळांबाबत एवढंच, की मूळ दोनदा आलं असेल तर त्याची ओळही दोनदा लिहायची. (x − 1)²(x + 2) = 0, म्हणजे x³ − 3x + 2 = 0, यात मुळे 1, 1, −2 आहेत. S₁ = 0 आणि S₃ = 3 × 0 − 3 × 2 = −6. थेट बघितलं तर 1 + 1 − 8 = −6. "मुळे दोनच आहेत" म्हणून 3d च्या जागी 2d लिहिलं तर −4 येतं आणि गणित बिघडतं.

ही बेरजेची युक्ती न्यूटनच्या नावानं ओळखली जाते, पण मुळांच्या घातांच्या बेरजा सहगुणकांत मांडण्याचं काम अल्बेर जिरार यानं 1629 मध्ये छापलेल्या आपल्या बीजगणिताच्या पुस्तिकेत आधीच करून ठेवलं होतं, तेही चौथ्या घातापर्यंत. न्यूटनचा जन्म त्यानंतरचा.

मुळे माहीत असलेलं एक गणित स्वतः करून बघा

पद्धतीवर विश्वास बसायचा तर आधी मुळे ठरवा आणि त्यांवरून समीकरण बनवा. 1/2, 2 आणि −3 घेऊ. बेरीज −1/2. जोडीजोडीचे गुणाकार 1, −6 आणि −3/2, म्हणजे q = −13/2. तिन्हींचा गुणाकार −3. समीकरण झालं x³ + x²/2 − 13x/2 + 3 = 0, आणि 2 ने गुणलं की

2x³ + x² − 13x + 6 = 0

आता मुळे विसरून जा. S₁ = −1/2, S₂ = 1/4 + 13 = 53/4. मग

2S₃ + 53/4 − 13 × (−1/2) + 18 = 0
2S₃ = −53/4 − 13/2 − 18 = −151/4
S₃ = −151/8

मुळांवरून: 1/4 + 4 + 9 = 53/4, आणि 1/8 + 8 − 27 = −151/8. दोन्ही तंतोतंत. इथं −13 × (−1/2) चं चिन्ह सांभाळावं लागतं. S₁ ऋण आणि c ऋण असं एकत्र आलं की कंस टाकल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा माझ्या वर्गात नियमच आहे.

उत्तर चुकलंय हे मुळांशिवाय कसं ओळखायचं

a = 1 असेल आणि बाकी सहगुणक पूर्णांक असतील तर S₁, S₂, S₃ तिन्ही पूर्णांकच येतात, मुळे कितीही वेडीवाकडी असली तरी. अपूर्णांक आला की चूक झाली, दुसरा पर्याय नाही. पुढं, S₂ = S₁² − 2q असल्यामुळे S₂ आणि S₁ दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात. आणि S₃ = S₁³ − 3S₁q + 3r असल्यामुळे, शिवाय S₁ पूर्णांक असला की S₁³ − S₁ ला 3 ने भाग जातोच म्हणून, S₃ − S₁ ला 3 ने निःशेष भाग जातो.

वर आलेलं x³ − 7x + 5 = 0 घेऊन बघू. S₁ = 0, S₂ = 14, S₃ = 7 × 0 − 3 × 5 = −15. 0 आणि 14 दोन्ही सम. −15 − 0 ला 3 ने भाग जातो. कुणी 3d ऐवजी d घेतला असता तर S₃ = −5 आला असता, आणि −5 ला 3 ने भाग जात नाही, तेव्हा चूक लगेच पकडली असती. म्हणजे ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त चुका होतात, नेमकी तिथंच ही तपासणी उपयोगी पडते. d स्वतः 3 च्या पटीत असेल तर मात्र ही चूक तिच्या नजरेतून सुटते.

a वेगळा असेल तर छेदावर नजर ठेवा. S₂ चा छेद a² ला भागणारा आणि S₃ चा छेद a³ ला भागणारा हवा. आपल्या पहिल्या गणितात a = 2 होता आणि छेद 4 व 8 आले. छेदात 3 किंवा 5 दिसला असता तर मागं जाऊन बघावं लागलं असतं.

घरी कॉम्प्युटर असेल तर पायथॉनमध्ये तीन ओळींत खात्री होते:

```python
import numpy as np
r = np.roots([2, -3, 4, -5])
print(sum(r**2), sum(r**3))
```

उत्तर −1.75 आणि 1.875 च्या आसपास येईल. सोबत j असलेला, शून्य किंवा शून्याइतकाच लहान भाग दिसेल. संमिश्र मुळांचे काल्पनिक भाग एकमेकांना खोडतात, आणि उरलाच तर तो फक्त दशांश तोडल्याचा फरक असतो. यादीत सहगुणक चिन्हासकट, मोठ्या घाताकडून लहानाकडे द्यायचे, आणि नसलेल्या पदाच्या जागी 0 टाकायचा. तो राहिला तर प्रोग्राम तक्रार न करता भलत्याच समीकरणाचं उत्तर देऊन मोकळा होतो.

पुढच्या घाताला आणि उलट्या मुळांना

चौथ्या घाताची बेरीज हवी असेल तर समीकरणाला आधी x ने गुणा आणि मग तीन ओळी मांडा:

aS₄ + bS₃ + cS₂ + dS₁ = 0

इथं 3 नाही, कारण d बरोबर आता x आहे आणि त्याची बेरीज S₁ होते. आधीच्या ओळीतला 3 सुद्धा खरं तर याच नियमातला: x⁰ म्हणजे 1, आणि तीन मुळांसाठी 1 ची बेरीज 3. हे एकदा लक्षात आलं की 3d कुठं आणि dS₁ कुठं हा गोंधळ कायमचा संपतो. आपल्या गणितात 2S₄ = 3 × 15/8 − 4 × (−7/4) + 5 × 3/2 = 45/8 + 7 + 15/2 = 161/8, म्हणून S₄ = 161/16. पाचवा, सहावा घातही असाच, प्रत्येक वेळी मागच्या तीन बेरजा वापरून.

1/α² + 1/β² + 1/γ² असं विचारलं तर छेद समान करण्याच्या भानगडीत पडू नका. x च्या जागी 1/y ठेवून y³ ने गुणलं की सहगुणकांचा क्रम उलटा होतो: dy³ + cy² + by + a = 0. याची मुळे म्हणजेच 1/α, 1/β, 1/γ. 2x³ + x² − 13x + 6 = 0 साठी ते 6y³ − 13y² + y + 2 = 0 होतं, आणि वर्गांची बेरीज (13/6)² − 2 × 1/6 = 169/36 − 12/36 = 157/36. मुळे 1/2, 2, −3 होती, म्हणून थेट 4 + 1/4 + 1/9, तेही 157/36. अट एकच: d शून्य नसावा. d = 0 असेल तर एक मूळच शून्य आहे आणि त्याचा व्यस्त अस्तित्वातच नाही, त्यामुळे असा प्रश्न आला तर काही आकडेमोड करण्याआधी d कडे बघा.